हेडफोन लावले म्हणजे आवाज बंद झाला असं नाही: रात्रपाळीवाल्याने घर झोपलेलं असताना काय आणि कसं खेळावं

माझी पाळी रात्री दोनला सुटते. घरी पोचून हातपाय धुवून बसेपर्यंत अडीच-पावणेतीन होतात. त्या वेळी घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी, तिघी गाढ झोपेत. मला मात्र लगेच झोप येत नाही. डोकं अजून कामातच असतं. मग तासभर खेळतो आणि चारला आडवा होतो. असं कित्येक महिने चाललं होतं, आणि आपण मांजराच्या पावलांनी वावरतो अशी माझी पक्की समजूत होती. एके दिवशी दुपारी उठलो तर आई म्हणाली, "काय रे, रात्री कसली टकटक चालू असते? मला वाटलं, भिंतीत उंदीर शिरला."

कानावर हेडफोन होते, लॅपटॉपच्या स्पीकरमधून अक्षरही बाहेर येत नव्हतं. मग टकटक कुठली?

टकटक माझ्या हातांची होती. हेडफोन खेळाचा आवाज घरच्यांपासून लपवतात, पण त्याच वेळी आपला आवाज आपल्यापासूनही लपवतात. की-बोर्ड बडवला, खुर्ची करकरली, तोंडातून "अरे यार" निघालं, तर ते सगळ्यांना ऐकू येतं, फक्त आपल्याला नाही. म्हणून रात्री खेळायचा खेळ निवडताना मी आता आधी हात बघतो आणि मग कान. कोणत्या खेळात हात किती हलतात, किती घाईने हलतात, आणि मध्येच सोडून उठावं लागलं तर काय होतं, यावर निवड ठरते.

आधी रेकॉर्डर लावा

काहीही विकत घेण्याआधी हे करा, फुकट आहे. झोपलेलं माणूस जिथे असतं तिथे, म्हणजे शेजारच्या खोलीत उशीजवळ, फोन ठेवा (घरच्यांना सांगून, नाहीतर नवीनच भांडण). रेकॉर्डिंग सुरू करा, दार नेहमी जेवढं लावता तेवढं लावा आणि आपल्या टेबलावर बोटांच्या पेरांनी हलकेच तीन टकटक करा. ही खूण. मग नेहमीसारखे वीस मिनिटं खेळा. मुद्दाम जपून खेळलात तर सगळं फुकट.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. एक गोष्ट लक्षात ठेवा: बरेचसे फोन शांतता असली की रेकॉर्डिंगची पातळी आपोआप चढवतात, त्यामुळे 'किती मोठा आवाज' हे त्यावरून नक्की सांगता येत नाही. फोन खोलीतला पंखासुद्धा विमानासारखा ऐकवू शकतो. म्हणूनच सुरुवातीच्या त्या तीन टकटक. त्यांच्याशी तुलना करा. जे त्यांच्याइतकं किंवा त्यांच्यापेक्षा ठळक ऐकू येतं, त्याचा बंदोबस्त करायचा. त्याहून दबलेलं असेल ते सोडून द्या.

माझ्या वीस मिनिटांत खेळाचा आवाज शून्य होता. स्पेसबारचा धप्प असा आवाज मात्र स्पष्ट होता, जवळजवळ दर तीन-चार सेकंदांनी. माउस उचलून परत ठेवल्याचा टक्क, मागे रेलल्यावर खुर्चीची करकर, आणि दोनदा माझाच आवाज. बोललो होतो हे मला आठवतही नव्हतं. कान झाकले की आपण नकळत मोठ्याने बोलतो, त्यामुळे माइकवर मित्रांशी बोलत खेळायचे सांघिक खेळ माझ्या यादीतून त्याच दिवशी गेले. कुजबुजत खेळू म्हणणारे खूप भेटतात. पाच मिनिटं कुजबुजतात.

हातांचा आवाज

की-बोर्ड मेकॅनिकल असेल तर त्यातले स्विच कोणते ते बघा. निळ्या स्विचमध्ये टिकटिक व्हावी म्हणून वेगळा भागच बसवलेला असतो, त्यामुळे तो रात्री कामाचा नाही, कितीही हळू दाबा. लाल स्विचमध्ये ती टिकटिक नसते, तरी की तळाला आपटल्याचा आवाज राहतोच. 'सायलेंट' म्हणून मिळणाऱ्या लाल स्विचमध्ये तो आघात झेलायला आत मऊ गादी असते. साधा रबरी घुमटांचा ऑफिसातला की-बोर्ड या बाबतीत अनेक महागड्या की-बोर्डांपेक्षा बरा.

पण माझा की-बोर्ड रबरीच होता आणि तरी आईला उंदीर ऐकू आला. कारण आवाज हवेतून कमी आणि टेबलातून जास्त जात होता. टेबल सामायिक भिंतीला चिकटलेलं. की दाबली की टेबलाची फळी ढोलासारखी वाजायची आणि भिंत तो आवाज पलीकडे पोचवायची. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, की-बोर्ड आणि माउसखाली जाड टॉवेलची दुहेरी घडी घातली, आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये धप्प जवळपास नाहीसा झाला. पैसे शून्य.

कंट्रोलर वापरत असाल तर तो मांडीवर असू द्या आणि कंपन सेटिंगमधून बंद करा. टेबलावर ठेवलेला कंट्रोलर कंप पावला की फळीवरून रात्री फोन व्हायब्रेट झाल्यासारखी घरघर उठते. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये छोटा स्पीकरही असतो, तोही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नाहीतर खेळाचा आवाज वेगळ्या हेडसेटमधून कानात आणि काही किरकोळ आवाज खोलीत, अशी वाटणी होऊ शकते.

आवाजाची वाट

हेडफोन बंद पाठीचे हवेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून संगीत ऐकायला छान वाटतं, पण त्यांच्या जाळीतून आवाज दोन्हीकडे जातो. शेजारी झोपलेल्याला गाण्याचे शब्द नाही, पण ती चिरचिर ऐकू येते.

वायर असलेले की बिनवायरचे? रात्री माझी पसंती वायरला, आणि कारण दर्जा नाही. ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली किंवा जोडणी तुटली की उपकरण आवाज गुपचूप मूळ स्पीकरकडे वळवतं. फोनवर गाण्याचं अ‍ॅप अशा वेळी बहुधा आपणहून थांबतं, खेळ थांबेलच असं नाही. माझ्याकडे हे पहाटे सव्वातीनला घडलं. लढाईच्या ऐन मध्यावर लॅपटॉप पूर्ण जोरात गरजला आणि मुलगी रडत उठली. तिला परत झोपवायला पाऊण तास गेला, आणि बायको काही बोलली नाही, ते जास्त वाईट.

उपाय सोपा आहे, पण क्रमाने करायला हवा. हेडफोन जोडण्याच्या आधी स्पीकर शून्यावर आणा आणि म्यूट करा, मगच हेडफोन जोडा. बहुतेक उपकरणं स्पीकर आणि हेडफोन यांची पातळी वेगवेगळी लक्षात ठेवतात, त्यामुळे जोडणी तुटली तरी आवाज शून्यावरच्या स्पीकरकडे जातो. एकदा जोडणी मुद्दाम तोडून बघा, दिवसा. निन्टेन्डो स्विचवर हेडफोन निघताच आवाज बंद करण्याची सोय सेटिंगमध्येच आहे, ती चालू ठेवा. आणि फोनवर खेळत असाल तर हेडफोन लावलेले असतानाही रिंगटोन आणि अलार्म बहुधा बाहेरही वाजतात. तेव्हा फोन सायलेंटवर, आणि अलार्म सायलेंटवरही बहुधा वाजतोच, म्हणून तो वेगळा बंद.

ब्लूटूथची दुसरी अडचण उशिराची. बोट दाबल्यापासून आवाज कानात यायला साध्या जोडणीत सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज लागतो. पाळीपाळीने चालायच्या खेळात ते जाणवतही नाही. तालावर बोट मारायच्या खेळात सगळा ताल बिघडतो. तसेही ते खेळ रात्री नकोच, कारण आपण ताल बोटांनी टेबलावर धरतो.

आवाज किती ठेवायचा

पातळी खेळाच्या शांत भागावर लावू नका, सर्वांत मोठ्या आवाजावर लावा. खेळ सुरू केला की सेटिंगमध्ये जाण्याआधी एखादा स्फोट, दार आदळणं किंवा विजयाची तुतारी होऊ द्या, आणि तो आवाज दचकवणार नाही इतका खाली आणा. बाकीचं मग पुसट ऐकू आलं तरी रात्री खोली इतकी शांत असते की पुरतं. दचकून खुर्ची मागे सरकली, तर तो आवाज सगळं घर ऐकतं. याच कारणासाठी भयकथांचे खेळ मी सुट्टीच्या दुपारी खेळतो.

कानांचं गणितही सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा म्हणजे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे तो वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. रोज दीड तास खेळणाऱ्याला चिंता नाही, पण कामावरही आठ तास हेडसेट कानाला असेल तर ते तास याच हिशेबात धरा.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर एक कान उघडा ठेवा. पण मग खेळातला दुसऱ्या बाजूचा आवाज हरवतो. त्यासाठी विंडोज ११ मध्ये Settings > Accessibility > Audio इथे Mono audio चालू करा. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होऊन एकाच कानात येतात. बऱ्याच फोनमध्येही हीच सोय सुलभतेच्या सेटिंगमध्ये असते. बाहेरचा आवाज मारणारी नॉइज कॅन्सलिंगची सोय मात्र रात्री बंद. आपल्याला घर ऐकू आलं पाहिजे.

खेळ निवडताना मी काय विचारतो

पहिला प्रश्न: मूल उठलं तर मी हातातलं सोडून लगेच उठू शकतो का? ज्या खेळात समोर खरी माणसं आहेत तिथे उत्तर नाही असं असतं. 'डार्क सोल्स'सारखा खेळ एकट्याने खेळतानासुद्धा थांबत नाही. मेनू उघडला तरी शत्रू येतच राहतो.

दुसरा: जतन कुठे होतं? इथे बरेच जण फसतात, कारण शांत दिसणारे खेळही सुटू देत नाहीत. 'स्टारड्यू व्हॅली'चं उदाहरण घ्या. शेती, मासे, हळुवार संगीत, रात्रीसाठीच बनवल्यासारखा खेळ. पण पीसी आणि कन्सोलवर तो दिवसाच्या शेवटी, पात्र झोपलं की जतन होतो. खेळातली दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत सरतात आणि दिवस सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत, म्हणजे एक पूर्ण दिवस सुमारे १४ मिनिटांचा. चौदा मिनिटं काही फार नाहीत. पण दिवस संपताना उद्याची कामं दिसलेली असतात, 'अजून एक दिवस' म्हणता म्हणता उजाडतं. मी तो खेळतो, पण दिवस मोजून: तीन दिवस, मग बंद.

'स्ले द स्पायर' या बाबतीत उलटा. पत्त्यांचा खेळ, पाळीपाळीने, एका हाताने माउसवर. लढाईच्या मध्येच बाहेर पडलात तर परत आल्यावर तीच लढाई सुरुवातीपासून मिळते. फार तर पाच मिनिटांचं नुकसान.

तिसरा प्रश्न: आवाज बंद करून खेळता येतो का? येत असेल तर उत्तम, कारण मग हेडफोन एका कानावर किंवा गळ्यातही चालतात.

एक रात्र, एक खेळ

या तिन्ही कसोट्यांना उतरणारा माझा रात्रीचा खेळ म्हणजे 'इन्टू द ब्रीच', सबसेट गेम्सचा, २०१८ चा. आठ बाय आठ चौकटींची पटावरची लढाई, आपल्याकडे तीन यंत्रमानव, समोर जमिनीतून निघणारे राक्षसी किडे. या खेळाची खुबी अशी की शत्रू पुढच्या वेळी कुणावर वार करणार ते आधीच पटावर दाखवतो. आपण हवा तेवढा वेळ बघत बसू शकतो. घड्याळ नाही, घाई नाही, आणि कानाने कळावं असं काहीच नाही.

परवाचीच खेळी सांगतो. फायरफ्लाय नावाचा एक किडा आडव्या ओळीत उभा, उजवीकडे तीन घरं सोडून इमारत. तो सरळ रेषेत मारा करतो आणि इमारत पडली की वीजपुरवठ्याचा एक ठोकळा जातो. ते ठोकळे संपले की डाव हरला. त्याला ठार करायला तीन मार हवेत, माझ्याकडे तेवढे नव्हते. पण मारायची गरजच नव्हती. तोफखान्याचा गोळा ज्या घरावर पडतो त्याच्या चारही बाजूंच्या घरांतलं जे असेल ते एकेक घर बाहेर ढकललं जातं. मी गोळा फायरफ्लायच्या बरोबर वरच्या रिकाम्या घरावर टाकला. तो एक घर खाली सरकला. त्याचं तोंड उजवीकडेच राहिलं, पण आता त्या खालच्या ओळीत इमारतीऐवजी त्याचाच भाऊबंद विंचू उभा होता. पाळी संपली, फायरफ्लायने विंचवाला मारलं. फक्त एक खबरदारी: ज्या घरावर गोळा टाकायचा ते खरोखर रिकामं हवं. सुरुवातीच्या तोफेचा गोळा इमारतीवर पडला तर तिलाही मार बसतो. पहिल्या आठवड्यात मी असा एकदा माझाच ठोकळा घालवला होता, आणि ते दुसरं "अरे यार" त्याचंच.

हातांचा हिशेब करा. यंत्र निवडायचं, घर निवडायचं, शस्त्र निवडायचं, निशाणा धरायचा: एका यंत्राचे चार क्लिक, तिघांचे बारा, आणि त्यामागे दोन-तीन मिनिटं नुसता विचार. की-बोर्डला हात लागत नाही. चूक झाली तर वार करण्याआधीची चाल मागे घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा पूर्ण पाळी पुन्हा खेळता येते. एक लढाई चार-पाच पाळ्यांची, मला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. मध्येच बाहेर पडलात तरी डाव तिथूनच पुढे चालू होतो.

माझा बेत ठरलेला असतो. पावणेतीनला बसायचं, तीन लढाया, साडेतीनच्या आसपास उठायचं. खेळातल्या लढाया बेटांवर वाटलेल्या असतात, पण एका रात्रीत पूर्ण बेट संपवायचं नाही. बेटाच्या शेवटची मुख्य लढाई नेहमी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवतो, कारण तिच्यात हरलो तर झोप येत नाही आणि जिंकलो तर त्याहून येत नाही.

आवाजच हवा असेल तेव्हा

कधीकधी हेडफोनचं सार्थक व्हावं असंही वाटतं. त्यासाठी लुकस पोपचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', तोही २०१८ चाच. एका रिकाम्या जहाजावर साठ माणसांचं काय झालं ते शोधायचं. प्रत्येक मृत्यूचा प्रसंग काळ्या पडद्यावर फक्त आवाजांनी सुरू होतो: पावलं, दोरखंड, कुणाचं बोलणं, मग बंदूक. बोलण्याची ढब ऐकून माणूस कुठला ते ओळखावं लागतं, म्हणून इथे दोन्ही कान हवेत. मोनो नको, आणि मूल आजारी असलेल्या रात्री हा खेळच नको. बंदुकीचा आवाज मोठा आहे, तेव्हा पातळी पहिल्या गोळीवर लावून घ्या. एकदा प्रसंग संपला की मात्र वहीत तर्क करत बसायचं, हात जवळजवळ स्तब्ध. तीन माणसांचं भवितव्य बरोबर ओळखलं की खेळ ते एकदम पक्कं करतो, आणि त्या क्षणी टेबलावर थाप मारायची अनावर इच्छा होते.

उठताना

स्क्रीनचा उजेड दाराच्या फटीतून पलीकडे जातो का ते एकदा बाहेर उभं राहून बघा. स्फोटांच्या लुकलुकण्याने आईची झोप आवाजापेक्षा जास्त मोडायची, हे मला खूप उशिरा कळलं. उजेड कमी केला आणि स्क्रीन दाराकडे पाठ करून वळवली. थांबायची वेळ मनगटावरच्या घड्याळाच्या कंपनावर लावली आहे, आवाजावर नाही.

हेडफोन काढले की पहिली काही सेकंदं तसाच बसतो. पंखा, फ्रिज, आतल्या खोलीतला श्वास, सगळं परत ऐकू यायला लागतं. मग खुर्ची मागे न ढकलता उचलून ठेवतो. हल्ली आई उंदराबद्दल काही बोलत नाही. गेल्या आठवड्यात उलट विचारलं, "रात्री खेळणं सोडलंस की काय?"